मोहरी तडतडली का?

गेल्या पावसाळ्यात डब्लिनहून भाचीचा फोन आला. तिला वरणाला फोडणी द्यायची होती. हातात इंग्रजी पाककृतींचं पुस्तक होतं आणि त्यात लिहिलं होतं, मोहरी मध्यम आचेवर तीस सेकंद परता. तिची शेगडी विजेची, कढई जाड बुडाची. तीस सेकंद होऊन गेले तरी मोहरी तेलात नुसती पडून होती. मी म्हटलं, "फोन कढईजवळ धर." पलीकडे काही वेळ शांतता. मग एक बारीक 'तड' ऐकू आला. ती म्हणाली, "मावशी, झालं, आता जिरं घालू?" मी म्हटलं, "थांब. एक तड म्हणजे तडतड नव्हे." पाच-सात सेकंदांत आवाज दाट झाला, ताशासारखा, आणि मग विरळ होऊ लागला. "आता घाल." जिरं, हिंग, हळद पडली आणि शेवटी कढीपत्ता. त्याचा 'चर्र' मला इथे पुण्यात ऐकू आला आणि फोडणी साधली हे न बघताच कळलं.

यात जादू काहीच नाही. मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. तेल पुरेसं तापलं की त्याची वाफ होते, सालाला आतून रेटते आणि दाणा फुटतो. सगळे दाणे एकाच क्षणी तापत नाहीत, म्हणून आधी एखादा फुटतो, मग बहुतेक सगळे आणि शेवटी मागे राहिलेले दोन-चार. तेल थंड असेल तर आवाज येतच नाही आणि मोहरी कच्ची, कडवट राहते. तेल फार तापलं असेल तर सगळे दाणे एकदम उसळतात, काळे पडतात आणि फोडणी करपते. कढीपत्त्याचं पान ओलं असतं, त्यामुळे गरम तेलात पडताच पाण्याची वाफ होऊन चर्र होतं. तेल निवलं असेल तर पान मुकाट्याने कोमेजतं. म्हणजे 'तडतडली की' आणि 'चर्र झालं की' या सूचना तीस सेकंदांच्या सूचनेपेक्षा जास्त अचूक आहेत. शेगडी, कढई, तेलाचं माप काहीही असो, त्या बदलत नाहीत.

मी गेली काही वर्षं कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. या कामात अडवणारे शब्द बहुधा तत्त्वज्ञानाचे नसतात. ते असतात पावसाचे, पावलांचे आणि चुलीवरच्या भांड्याचे. लोकांना वाटतं, आवाजाचे शब्द तर सर्वांत सोपे. पाऊस सगळीकडे तोच, कानही तेच, मग शब्दही थोड्याफार फरकाने तोच असणार. शाळेच्या व्याकरणातही अभ्यस्त शब्दांच्या धड्यात अनुकरणवाचक शब्दांना शेवटी दोन-चार ओळी मिळतात: पाण्याची खळखळ, पानांची सळसळ, संपलं. माझं म्हणणं असं, की हे शब्द आवाजाची नक्कल नाहीत. प्रत्येक शब्द हे आवाजाचं त्या त्या भाषेने केलेलं भाषांतर आहे. म्हणून ते दुसऱ्या भाषेत नेताना आपण भाषांतराचं भाषांतर करत असतो, आणि काय पार जाईल, काय अलीकडेच राहील, हे कानापेक्षा व्याकरणावर जास्त ठरतं.

पावसापासून सुरुवात करू. पाऊस टपटप पडतो, रिमझिम पडतो, भुरभुर पडतो, त्याची रिपरिप लागते, तो पत्र्यावर ताडताड वाजतो आणि धो धो कोसळतो. हवामान खातं चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या पावसाला जोरदार म्हणतं आणि 204.5 च्या पुढे गेलेल्याला अत्यंत जोरदार. ते माप दिवसभराच्या एकूण पाण्याचं आहे. आपले शब्द वेगळंच मोजतात: थेंब केवढा, किती अंतराने, कशावर पडतो आणि ऐकणाऱ्याला कसा लागतो. टपटप म्हणताना थेंब सुटे ऐकू येतात. धो धो म्हणताना थेंब उरतच नाही, एकसंध लोट असतो. ताडताड म्हणायला खाली पत्रा किंवा कडक जमीन हवी, गवतावर पाऊस ताडताड पडत नाही.

भुरभुरचं तर आणखी वेगळं आहे. ज्या पावसाचा थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतो त्याला हवामानशास्त्रात तुषारवृष्टी म्हणतात. एवढ्या थेंबाचा पडताना आवाज जवळपास होत नाही. मग भुरभुर हा आवाज आला कुठून? तो आवाज नाहीच. आपण भाजीवर मीठ भुरभुरतो, केस वाऱ्यावर भुरभुर उडतात. शब्दाचा घाट आवाजाच्या शब्दाचा, पण तो दाखवतो ते हलणं. रिपरिपचा प्रवास आणखी पुढचा. दिवसभर बारीक, न थांबणारा पाऊस, अंगणात चिखल, दोरीवर न वाळलेले कपडे आणि त्या सगळ्याचा वैताग एवढं सगळं त्यात आहे. रिमझिम आणि रिपरिप यांत पाण्याचा फरक थोडा, माणसाच्या मनःस्थितीचा फरक फार. धो धो हे मात्र मुसळधारपेक्षा निराळं. मुसळधार हे डोळ्यांनी पाहिलेलं चित्र आहे, मुसळाएवढी धार. त्यात आवाज नाही. अनुवादात या दोघांची अदलाबदल सर्रास होते आणि कानाच्या जागी डोळा येऊन बसतो.

आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारे फर्दिनां द सोस्यूर यांनी या शब्दांना फारसं महत्त्व दिलं नाही. त्यांच्या निधनानंतर विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून 1916 मध्ये निघालेल्या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा, की शब्दाचा आवाज आणि त्याचा अर्थ यांत नैसर्गिक नातं नसतं. त्यावर कुणी नादानुकारी शब्दांचा आक्षेप घेईल, म्हणून त्यांनी उत्तर दिलं: असे शब्द थोडे असतात, भाषेच्या कडेला असतात, आणि त्यांतले काही तर योगायोगाने तसे वाटतात. फ्रेंचमध्ये चाबकाला 'फ्वे' म्हणतात. ऐकताना वाटतं, हवेत फिरलेल्या चाबकाचाच आवाज हा. पण तो शब्द बीच वृक्षाच्या लॅटिन नावापासून आला आहे.

सोस्यूर यांचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. असे शब्द रूढीने बांधलेले असतात. मराठी माणूस पावसाला मनाला येईल तो आवाज लावू शकत नाही. पाऊस 'टिकटिक' पडला असं कुणी लिहिलं तर वाचकाला घड्याळ आठवेल. पण ते थोडे आणि कडेचे असतात हे फ्रेंचपुरतं खरं असेल, मराठीपुरतं नाही. मोल्सवर्थच्या कोशाचं कुठलंही पान उघडा, खडखड, खणखण, खदखद, खळखळ अशी रांगच्या रांग लागते. आणि या शब्दांना नुसती संख्या नाही, त्यांना स्वतःचं व्याकरण आहे. हे व्याकरण आपण चार वर्षांच्या वयात शिकतो, म्हणून मोठेपणी ते दिसत नाही.

'खड' हा एवढासा नाद घ्या. कडी खडकन वाजली म्हणजे एकदाच, अवचित. दार खाडदिशी लागलं म्हणजेही एकदाच, पण जोर मोठा आणि ऐकणारा दचकलेला. खिडकी खडखड वाजते म्हणजे तोच आवाज पुन्हा पुन्हा, थांबत नाही. खडाखड प्रश्न विचारले म्हणजे एकामागून एक, वेगाने, प्रत्येक सुटा. खडखडणं हे क्रियापद झालं. खडखडाट हे नाम झालं, आणि तिथून ते रिकाम्या तिजोरीवरही जाऊन बसलं. आता हाच साचा दुसऱ्या नादाला लावा. आंबा टपकन पडला, पाणी टपटप गळतंय, वाऱ्याने आंबे टपाटप पडले. तीन वाक्यांत नाद एकच आहे. बदललं ते एवढंच, की घटना एकदा घडली, चालू आहे, की झपाट्याने अनेकदा घडली. जे काम इतर शब्दांच्या बाबतीत क्रियापदाची रूपं करतात, ते इथे '-कन', द्विरुक्ती आणि मधला 'आ' करतो.

हे लक्षात आलं की भाषांतरात नेमकं काय हरवतं ते कळतं. टपचा आवाज हरवत नाही, टपसारखं काहीतरी बहुतेक भाषांत सापडतं. हरवतो तो टपकन, टपटप आणि टपाटप यांतला फरक.

भारतातल्या भाषांमध्ये मात्र तो फारसा हरवत नाही. गोव्याच्या खालच्या किनाऱ्यावर उतरलात आणि कन्नड मुलूख लागला, तरी पाऊस 'धो' असाच पडतो. कन्नडमध्ये तो 'धो एंदु' पडतो, म्हणजे शब्दशः 'धो म्हणून'. गुजरातीत असा पाऊस 'धोधमार' असतो. मराठीतला झरा झुळझुळ वाहतो, कन्नडमधला जुळुजुळु. हिंदीत ळ नाही, तिथे पाणी कलकल करतं. तेलुगूत मोहरी 'चिटपट' करते आणि पावसाचे पहिले थेंबही चिटपटच पडतात, आणि तडतड ऐकून वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. मराठी आणि गुजराती एका भाषाकुळातल्या, कन्नड आणि तेलुगू दुसऱ्या. आईकडून आलेला वारसा म्हणावा तर आई वेगळी आहे.

हे कोडं बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी नेटाने तपासलं. एमेनो हे द्राविड भाषांचे अभ्यासक. आपल्या वर्धा-यवतमाळ भागातल्या कोलामी भाषेचं वर्णन करणारं त्यांचं पुस्तक 1955 मध्ये निघालं. शेजारी राहून वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा एकमेकींसारख्या होतात, हा विचार त्यांनी भारताच्या संदर्भात 1956 मध्ये मांडला. 1969 मध्ये त्यांनी याच विचाराचा पुरावा म्हणून नादानुकारी शब्द घेतले. आर्य आणि द्राविड, दोन्ही कुळांतल्या भाषांत तेच घाट, तीच द्विरुक्ती आणि पुष्कळदा तेच अर्थ त्यांना सापडले. म्हणजे ही टांकसाळ एका कुळाची नाही, प्रदेशाची आहे. बाजारात, शेतात, एकमेकींच्या स्वयंपाकघरांत शेकडो वर्षं दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसांनी ती मिळून चालवली आहे.

मला यात सर्वांत लोभस वाटतं ते हे, की या भाषांनी नादाला वाक्यात बसवण्यासाठी वेगवेगळे आधार शोधले, पण जागा एकच ठेवली. तमिळमध्ये 'पट्टेन्ऱु' म्हणजे 'पट असं म्हणून'. बंगालीत 'टप करे', म्हणजे टप करून. गुजरातीत 'झट दईने', म्हणजे झट देऊन. हिंदीत 'झट से'. मराठीत झटकन, पटकन. कुठे नाद बोलतो, कुठे करतो, कुठे देतो. पण प्रत्येक ठिकाणी तो क्रियापदाच्या शेजारी, त्याची रीत सांगत उभा असतो. म्हणून कन्नडमधलं वाक्य मराठीत आणताना मला नादासाठी नवी जागा तयार करावी लागत नाही. ती आधीच असते.

या जागेचं नाव फार जुनं आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत अशा शब्दांसाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितला आणि त्यांना 'अव्यक्तानुकरण' म्हटलं. टीकाकार उदाहरण देतात ते 'पटपटाकरोति', म्हणजे पटपट असा आवाज करतो. अव्यक्त म्हणजे ज्यात वर्ण सुटे ऐकू येत नाहीत असा ध्वनी. पत्र्यावर पडलेल्या थेंबात 'ट' नसतो, 'प'ही नसतो. ते वर्ण भाषा घालते, आणि स्वतःकडे असतील तेच घालते. मराठीकडे ट आणि ड आहेत, म्हणून आपला आघात त्यांच्यावर उभा: टप, खट, धड. मराठीकडे ळ आहे, म्हणून आपलं पाणी ळमधून वाहतं: खळखळ, झुळझुळ, घळघळ. थेंबापासून शब्दापर्यंतचं हे पहिलं भाषांतर. आपण अनुवादक ज्याला मूळ म्हणतो, ते इथे मुळातच भाषांतरित आहे.

आता देशाबाहेर जाऊ. एक साधा उतारा घेते, माझाच: दुपारपासून पावसाची रिपरिप चालू होती. चुलीवर आमटी रटरटत होती. ओसरीवर कुणाच्या तरी वहाणा करकरल्या.

इंग्रजीत नेताना शेवटचं वाक्य सहज जातं. नव्या कोल्हापुरी वहाणेत चामड्याचे थर एकमेकांवर घासतात तो आवाज, आणि इंग्रजीत 'क्रीक' हे क्रियापद नेमकं त्या कामाचं आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र काहीतरी हलतं. रटरटसाठी बहुतेक जण 'सिमर' वापरतील. त्या शब्दाचा उगमही नादातच असावा असं कोशकार मानतात. पण आज सिमर आच सांगतो: उकळीच्या किंचित खालचं तापमान. मराठी शब्द आच सांगत नाहीत, भांड्यात काय आहे ते सांगतात. नुसतं पाणी खळखळ उकळतं. डाळ किंवा भाजीच्या फोडी असलेला रस्सा रटरटतो. घट्ट पिठलं खदखदतं आणि त्याचे बुडबुडे फुटून हातावर उडतात. 'रटरटू द्या' या सूचनेत दाटपणा आहे आणि सिमरमध्ये तो नाही. पाककृतीचा अनुवाद करणाऱ्याने इथे एक वाक्य जास्त लिहायला हवं, नाहीतर तिकडच्या स्वयंपाकघरात आमटी पाणचट राहील.

पहिलं वाक्य सर्वांत अवघड. 'पिटर-पॅटर' पावसाला आणि लहान पावलांना, दोन्हींना चालतो, पण तो लाडिक आहे, बालगीतातला. 'ड्रिझल' बारीक पाऊस सांगतो, वैताग सांगत नाही. रिपरिपमधला वैताग इंग्रजीत दुसरीकडे कुठेतरी ठेवावा लागतो, विशेषणात किंवा न वाळलेल्या कपड्यांच्या एका तपशिलात. इंग्रजीकडे आवाजाचे शब्द कमी आहेत हे खरं नाही. सिझल, स्प्लटर, क्रॅकल, थड असा तिचा साठा मोठा आहे. पण बहुतेक ठिकाणी नाद क्रियापदाच्या पोटात आहे. क्रियापदाशेजारी नादासाठी वेगळी खुर्ची तिथे नाही, आणि जी मांडली जाते ती पोरकट वाटते.

कन्नडमध्ये तोच उतारा जवळजवळ चालतच जातो. बारीक, न थांबणारा, कंटाळा आणणारा पाऊस म्हणजे 'जिटिजिटि मळे'. सार 'कोतकोत' उकळतं. वहाणांपाशी मात्र सापळा आहे. कन्नडमध्ये करकरण्याला 'किर्र' जवळचा, आणि तो तसाच मराठीत आणला तर वाचकाच्या कानात रातकिडे ओरडू लागतात, कारण मराठीत किर्र रात्रीची आहे. मी एकदा हे केलं होतं. ओसरीवर पाहुणा आला होता आणि माझ्या अनुवादात मध्यरात्र झाली होती. जवळच्या भाषांत शब्द इतके सारखे दिसतात, की तपासायचं राहून जातं. दूरच्या भाषेत निदान आपण सावध तरी असतो.

जपानी ही अशी दूरची भाषा, आणि तिच्यात या शब्दांचं राज्य आहे. आवाजाच्या शब्दांना आणि अवस्थेच्या शब्दांना तिथे दोन वेगळी नावं आहेत, गिओंगो आणि गिताइगो. पावसाचे पहिले सुटे थेंब 'पोत्सुपोत्सु', शांत बारीक पाऊस 'शितोशितो', जोराचा 'झाझा'. मंद शिजतं ते 'कोतोकोतो', जोरात उकळतं ते 'गुत्सुगुत्सु'. आपल्या टपटप, रटरट यांच्याशी यातला एकही शब्द जुळत नाही, पण घाट पाहा: द्विरुक्ती तीच, आणि कठोर वर्णाच्या जागी मृदू वर्ण आला की गोष्ट मोठी, जड होते ही रीतही ओळखीची. तिथे हलकी वस्तू 'कोरोकोरो' घरंगळते, जड 'गोरोगोरो'. आपल्याकडे चिंच टपकन पडते आणि पोतं धपकन. शांततेलाही दोन्ही भाषांनी नादाचा शब्द दिला आहे. जपानीत 'शीन', आणि आपल्याकडे शुकशुकाट, जो कुणाला तरी हाक मारण्याच्या शुकशुकीतून आला आणि जिथे हाकेला ओ देणारं कुणी नाही त्या जागेचा झाला.

म्हणून जपानी आणि मराठी यांच्यात शब्द जात नाही, पण खुर्ची असते. इंग्रजीत काही शब्द जातात, पण खुर्ची नसते. कन्नडमध्ये दोन्ही जातं, आणि म्हणूनच चुकायला वाव असतो.

यावर कुणी म्हणेल, आवाज आणि अर्थ यांचं नातं माणसाच्या मेंदूतच आहे, मग परक्यालाही हे शब्द आपोआप कळायला हवेत. टोकदार आकृतीला 'किकी' आणि गोलसर आकृतीला 'बूबा' म्हणावंसं अनेक भाषांतल्या लोकांना वाटतं, हा प्रयोग प्रसिद्ध आहे. पण ते बनावट शब्द. खऱ्या भाषांतले शब्द घेऊन 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच भाषांतले 203 शब्द 82 डच श्रोत्यांना ऐकवले आणि दोनांतला अर्थ ओळखायला सांगितला. श्रोत्यांचा अंदाज छापा-काट्यापेक्षा बरा निघाला, पण बेताचाच. आणखी एक गोष्ट दिसली. नुसत्या वर्णांनी किंवा नुसत्या हेलाने काम होत नव्हतं, दोन्ही मिळूनच अर्थ थोडाफार पोचत होता. म्हणजे या शब्दांत निसर्गाचा अंश आहे, पण तो अनुवादकाचं ओझं उचलण्याइतका नाही. भाचीला चर्र कळला तो डब्लिनच्या मेंदूने नव्हे, लहानपणी आजोळच्या ओट्याजवळ उभं राहून.

आणि शब्द जसजसा आवाजापासून दूर जातो तसतसा तो कमी प्रवास करतो. झणझणीत पाहा. झण हा तारेचा किंवा भांड्याचा नाद. तिथून तो मुंग्या आल्यासारख्या अंगाकडे गेला, तिथून मिसळीच्या तिखटाकडे, तिथून टीकेकडे. इंग्रजीत 'स्पायसी' म्हटलं की मसाला पोचतो, पण कानशिलापर्यंत चढणारी झिणझिणी पोचत नाही. खुसखुशीत करंजी तोंडात विरते आणि कुरकुरीत चकली मोडताना वाजते. इंग्रजी वेष्टनावर दोन्ही 'क्रिस्पी' असतात, आणि ज्याने दोन्ही तळल्या आहेत त्याला माहीत असतं की एकीचं मोहन जास्त पडलं तर ती दुसरी होत नाही, बिघडते.

मग अनुवादकाने करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. आवाजाच्या शब्दासमोर कोशातला शब्द ठेवू नये. त्या शब्दावरून मागे, थेंबापर्यंत किंवा तव्यापर्यंत जावं. एकदा घडलं की सतत, सुटं की एकसंध, हलकं की जड, आणि ऐकणाऱ्याला ते आवडलं की खुपलं, एवढ्या चार गोष्टी विचाराव्यात. त्या ठरल्या की आपल्या भाषेकडे तिचा स्वतःचा शब्द मागावा. तो नसेल तर त्या चार गोष्टींपैकी जी त्या वाक्यात महत्त्वाची आहे ती दुसऱ्या मार्गाने न्यावी. काहीच जमत नसेल तर मूळ शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी घडणारी गोष्ट नीट दाखवावी, वाचक कानाने शिकतो.

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या अनुवादांना हे जास्त लागू आहे, कारण तिथे आपण स्वतःची श्रीमंती विसरतो. मूळ इंग्रजी क्रियापद पावलांची रीत सांगत असतं आणि मराठीत उरतं ते 'हळूहळू चालत गेला', 'जड पावलांनी चालत गेला', 'घाईघाईने चालत गेला'. मूल दुडुदुडु येतं, म्हातारी तुरुतुरु चालते, रागावलेला मुलगा धाडधाड जिना चढतो, बूट खाडखाड वाजतात, ओल्या सपाता फटफट करत जातात. ही पावलं मराठीत आहेत. ती न वापरता केलेला अनुवाद व्याकरणाने शुद्ध असतो आणि कानाने बहिरा.

घरोघरी वह्यांत उतरवलेल्या पाककृती आता टंकलिखित होत आहेत, छापल्या जात आहेत, दुसऱ्या भाषांत जात आहेत. त्या करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: सेकंद आणि अंश जरूर लिहा, पण 'तडतडली की', 'रटरटू लागली की', 'चर्र झालं की' हे खोडू नका. भाचीने आता तिच्या पुस्तकात तीस सेकंदांवर काट मारली आहे आणि समासात देवनागरीत लिहिलंय: तडतड थांबत आली की जिरं.